चारही बाजू खऱ्या, क्षेत्रफळ मात्र खोटे

आम्ही विकत घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याच्या नकाशावर लिहिलेल्या चारही बाजूंची लांबी अचूक होती, आणि तरीही क्षेत्रफळ 231 चौरस मीटरने फुगवलेले होते. अशा फसवणुकीत टेप लावून कडा मोजणाऱ्यालाही काही खोटे सापडत नाही, म्हणून ती कशी केली जाते हे आकड्यांसह मांडतो.

अ, ब, क, ड असे चार कोपरे धरले, तर अब 30 मीटर, बक 25, कड 36 आणि डअ 29 मीटर होती. विकणाऱ्याने आमच्यासमोर समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली. 30 आणि 36 ची सरासरी 33, 25 आणि 29 ची 27, आणि 33 गुणिले 27 म्हणजे 891 चौरस मीटर, असा हिशेब त्याने मांडला आणि त्यावरच दर लावून पूर्ण रक्कम घेतली. कर्ण मोजू या म्हटल्यावर त्याने मध्ये दाट झुडपे असल्याचे कारण पुढे केले. कोपरे किती तिरके आहेत हेही त्याच झुडपांमुळे नजरेला येत नव्हते.

सरासरीची ही रीत फक्त आयतालाच बरोबर लागू पडते. कोपरे काटकोनातून जितके ढळतात तितके खरे क्षेत्रफळ कमी होते, पण बाजू तेवढ्याच राहिल्याने सरासरीचे उत्तर जागचे हलत नाही. त्यामुळे चूक होते ती नेहमी वाढीव आकड्याकडे, म्हणजे विकणाऱ्याच्या फायद्याची. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये ही रीत स्थूल क्षेत्रफळासाठी म्हणूनच दिली होती. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही, हे चार पट्ट्या टोकांना सैल खिळ्यांनी जोडून पाहिल्यास लगेच कळते: चौकट दाबली की ती चेपते, पट्ट्यांची लांबी मात्र बदलत नाही. आमच्या चार बाजूंतून कोणत्याही आकारात जास्तीत जास्त सुमारे 884 चौरस मीटर क्षेत्रफळ मिळू शकते. म्हणजे सांगितलेले 891 अशक्यच होते.

व्यवहारानंतर झुडपांतून वाट काढून आम्ही अ ते क हा कर्ण मोजला. तो 25 मीटर भरला. आता दोन त्रिकोण झाले, आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोण चेपत नाही. अबक या त्रिकोणाच्या बाजू 30, 25 आणि 25. त्यांची अर्धपरिमिती 40. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की 10, 15 आणि 15 उरतात; 40 × 10 × 15 × 15 = 90000, आणि त्याचे वर्गमूळ 300, हेच त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ. अकड या त्रिकोणाच्या बाजू 25, 36 आणि 29. अर्धपरिमिती 45, वजाबाक्या 20, 9 आणि 16, गुणाकार 129600, वर्गमूळ 360. एकूण 660 चौरस मीटर. आम्ही पैसे मोजले होते ते यापेक्षा 35 टक्के जास्त जमिनीचे.

हे दाखवल्यावर त्या गृहस्थाने दुसरा कागद काढला, आणि माझ्या मते खरी लबाडी इथे उघडी पडली. त्या कागदावर तोच कर्ण 33 मीटर लिहिलेला होता, आणि तो धरला तर त्याच बाजूंतून सुमारे 810 चौरस मीटर येतात. हिशेब निर्दोष होता. खोटा होता तो फक्त कर्ण. कर्णातील चूक किती महागात पडते पाहा: आमच्या तुकड्यात 25 ऐवजी 25.5 मीटर लिहिले, तरी सुमारे 11 चौरस मीटर वाढतात.

अशा वेळी वाद न घालता दुसरा कर्ण मोजावा. चार बाजू आणि एक कर्ण ठरला की आकृती पक्की होते, म्हणून दुसऱ्या कर्णाची लांबी मनाने ठरवता येत नाही. आम्ही 2 मीटरला 1 सेंटिमीटर या प्रमाणात कंपासने दोन आकृत्या काढल्या. 33 च्या कर्णाची आकृती ब ते ड हे अंतर सुमारे 50.3 मीटर दाखवत होती, तर 25 च्या कर्णाची सुमारे 54.8 मीटर. जमिनीवर टेप ताणून, तो झुडपांत अडकून वाकणार नाही आणि आडवा राहील याची काळजी घेऊन मोजले, तेव्हा 54.8 मीटरच भरले. (एखादा कोपरा आत शिरलेला असेल, तर त्याच कोपऱ्यातून निघणारा, जमिनीच्या आतून जाणारा कर्ण घ्यावा, बाहेरून जाणारा कर्ण घेतल्यास त्रिकोणांची बेरीज नव्हे, वजाबाकी करावी लागते.)

त्यानंतर कर्णाविषयी तो काही बोलला नाही. बाजू तर बरोबर लिहिल्या होत्या ना, एवढेच त्याचे उत्तर होते, आणि जादा घेतलेली रक्कम त्याने अद्याप परत केलेली नाही.