‘डोंगर’चा अनुस्वार आणि चाळीस धुणी: मागणीनुसार छापलेल्या टी-शर्टचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचा साताऱ्यातला बारा-चौदा जणांचा गट आहे. दर रविवारी पहाटे अजिंक्यतारा, महिन्यातून एकदा जरा लांबचा गड. गेल्या जूनमध्ये गटासाठी टी-शर्ट करायचे ठरले. ऑर्डर आली की एकेक नग छापून देणाऱ्या एका विक्रेत्याकडून आम्ही चौदा टी-शर्ट मागवले, दहा काळे आणि चार पांढरे. छातीवर मोठ्या अक्षरांत ‘डोंगरवेडे’, खाली लहान अक्षरांत ‘सातारा’. एका नगाला 430 रुपये पडले. मी स्वतःसाठी एक काळा आणि एक पांढरा घेतला आणि प्रत्येक धुण्याला कॅलेंडरवर खूण करत गेलो. आज दोन्हींची चाळीस धुणी झाली आहेत.

लिस्टिंगमध्ये चार गोष्टी होत्या. छपाई ‘डीटीजी किंवा डीटीएफ, रंगानुसार’. कापड शंभर टक्के कॉटन, 180 जीएसएम, बायो-वॉश. ‘50 धुण्यांपर्यंत टिकाऊ’. आणि इंचांतला साइज चार्ट. यातल्या पहिल्या ओळीवरून मी सहज नजर फिरवून पुढे गेलो होतो. आता वाटतं, सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबायला हवं होतं, कारण आमचे काळे आणि पांढरे टी-शर्ट दोन वेगळ्या पद्धतींनी छापले गेले आणि आठ महिन्यांत दोन वेगळ्या वाटांनी म्हातारे झाले.

डीटीजीमध्ये प्रिंटर पाण्यात कालवलेली शाई थेट कापडावर सोडतो आणि नंतर उष्णता देऊन ती पक्की केली जाते. शाई धाग्यात मुरते. डीटीएफमध्ये डिझाइन आधी प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापतात, ओल्या शाईवर गोंदाची बारीक पूड भुरभुरतात, ती पूड तापवून वितळवतात आणि मग फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली साधारण दहा-पंधरा सेकंद दाबतात. फिल्म सोलली की शाईचा पातळ थर गोंदाच्या जोरावर कापडावर बसलेला राहतो. म्हणजे डीटीजीची छपाई कापडाच्या आत असते आणि डीटीएफची कापडाच्या वर.

हातात आल्यावर कोणती छपाई आहे हे ओळखणं सोपं आहे. आमच्या काळ्या टी-शर्टवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं की गुळगुळीत, किंचित रबरासारखं लागायचं. पाण्याचा थेंब टाकला तर तो तसाच गोल उभा राहायचा. पांढऱ्यावर मात्र अक्षरांतूनही कापडाचा विणीचा पोत दिसत होता आणि थेंब पसरून मुरत होता. म्हणजे काळे डीटीएफचे होते आणि पांढरे डीटीजीचे.

नवे असताना काळेच जास्त देखणे दिसत होते, हे मान्य करायला हवं. काळ्यावर भगवी अक्षरं अशी ठसठशीत उठली होती की सगळ्यांनी काळाच घालून फोटो काढले. पांढऱ्यावरची छपाई त्यापुढे जरा मंद वाटायची. दहा-बारा धुण्यांपर्यंत हाच फरक राहिला.

मग गटातल्या एकाच्या काळ्या टी-शर्टवरचा ‘डोंगर’मधला अनुस्वार गेला. ‘डोगरवेडे’ असं दिसायला लागलं. त्याच्या घरी कपडे दगडावर घासून, ब्रश मारून धुतात, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की ब्रशनेच गेला. पण माझा टी-शर्ट मी उलटा करून, थंड पाण्यात, मशीनच्या हलक्या सायकलवर धुतो, तरी सव्विसाव्या धुण्याला माझाही अनुस्वार सुटला. बाकी अक्षरं शाबूत होती. म्हणजे ब्रशमुळे तो लवकर गेला इतकंच, जायचा तो होताच.

कारण गोंदात आहे. शिरोरेषेला धरून बसलेलं अक्षर म्हणजे एक सलग पट्टा. त्याला कापड धरून ठेवायला भरपूर जागा मिळते. अनुस्वार हा सुटा ठिपका. आमच्या डिझाइनमध्ये तो जेमतेम दीड मिलिमीटरचा होता. इतक्या लहान ठिपक्यावर गोंदाची पूडही थोडीच चिकटते आणि धुताना कड सगळ्या बाजूंनी उघडी पडते. एक बाजू उचलली गेली की पाणी आणि साबण आत शिरतो आणि पुढच्या एक-दोन धुण्यांत ठिपका निघून येतो. रोमन अक्षरांत असे सुटे ठिपके थोडे असतात. आपल्या लिपीत अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता हे सगळे सुटेच. मराठी मजकूर डीटीएफमध्ये छापून घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं, कारण लिस्टिंगमध्ये याबद्दल एक शब्दही नसतो.

त्यानंतर तिसाव्या धुण्याच्या आसपास ‘वे’च्या मात्रेवर बारीक आडव्या चिरा दिसू लागल्या. टी-शर्ट डोक्यातून काढताना छातीवर तो ताणला जातो, आणि कापड ताणलं जातं तितका वरचा थर ताणला जात नाही. हाताने हलकंच ताणून पाहिलं की चिरांमधून खालचं काळं कापड दिसतं.

पांढऱ्याची गोष्ट वेगळी. त्यावर एकही चीर नाही, एकही ठिपका गेलेला नाही. पण अक्षरांचा मूळचा गडद काळा रंग आता पाटीवरच्या पुसट काळ्यासारखा झाला आहे. पहिल्या पाच-सहा धुण्यांत जास्त उतरला, नंतर स्थिरावला. चारपैकी एका पांढऱ्यावर मात्र तिसऱ्याच धुण्याला अक्षरं राखाडी पडली. ओला पांढरा रुमाल अक्षरावर दहा वेळा घासला तर रुमालावर काळपट डाग आला. छपाईनंतर पुरेशी उष्णता न मिळाल्याची ही खूण. रुमालाचा फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने तो नग बदलून दिला. ही ओल्या रुमालाची परीक्षा टी-शर्ट घालायच्या आधीच करावी, कारण नीट भाजलेली छपाई जवळजवळ काहीच रंग सोडत नाही.

‘50 धुण्यांपर्यंत’ या दाव्याखाली बारीक अक्षरांत अटी होत्या: थंड पाणी, उलटा करून, ड्रायर नको, छपाईवर थेट इस्त्री नको. इस्त्रीची अट अगदी खरी आहे. आमच्यातल्या एकाच्या घरी काळ्या टी-शर्टवर गरम इस्त्री थेट फिरवली गेली आणि ‘सातारा’मधली दोन अक्षरं इस्त्रीच्या तळाला चिकटून आली. जो गोंद उष्णतेने बसतो तो उष्णतेनेच सुटतो. याचा एक उपयोगही आहे. माझ्या शिरोरेषेची एक कड उचलली गेली होती. तिच्यावर बटर पेपर ठेवून, वाफ बंद करून, मध्यम गरम इस्त्री दहा सेकंद सरळ दाबली आणि कागद थंड झाल्यावरच काढला. कड पुन्हा बसली आणि पुढची नऊ धुणी टिकली. चिरांवर मात्र हा उपाय चालत नाही.

चढणीवर आणखी एक फरक जाणवतो. डीटीएफच्या थरातून हवा जात नाही. आमची फक्त अक्षरं होती म्हणून निभावलं, पण ज्याने पाठीवर गडाचं मोठं चौकोनी चित्र छापून घेतलं होतं, त्याची पाठ चित्राखाली घामाने चिकटून राहायची.

आता कापड. इस्त्रीने वाया गेलेला टी-शर्ट मी मागून घेतला आणि पाठीच्या भागातून अचूक 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, आणि हा तुकडा चौरस मीटरचा शंभरावा भाग, म्हणून 180 जीएसएमला 1.80 ग्रॅम भरायला हवेत. काट्याने 1.92 दाखवले. आधी आनंद झाला की सांगितल्यापेक्षा जाड कापड मिळालं. मग लक्षात आलं की टी-शर्ट धुऊन आटलेला आहे. त्याची लांबी 29 इंचांवरून पावणेअठ्ठावीस झाली होती आणि काखेपासून काखेपर्यंतची रुंदी 21 वरून साडेवीस. तेच सूत कमी जागेत दाटलं. हिशेब केला तर 180 चं कापड इतकं आटल्यावर 193 च्या जवळ जातं. म्हणजे विक्रेत्याने वजन खरं सांगितलं होतं, ना जास्त ना कमी. बायो-वॉशचाही परिणाम दिसतो. त्यात एन्झाइमने कापडावरची बारीक लव काढून टाकलेली असते, त्यामुळे चाळीस धुण्यांनंतरही सॅकच्या पट्ट्याखालची जागा सोडली तर कुठे गोळे आलेले नाहीत.

हेच आटणं साइज चार्टमध्ये कुठेच नव्हतं, आणि माझी खरी तक्रार आहे ती इथे. चार्टमध्ये एल साइजला छाती 42 आणि लांबी 29 लिहिली होती. ही मापं टी-शर्टची आहेत, अंगाची नाहीत, हे मला कळलं कारण मी घरातला नीट बसणारा जुना टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजला, 21 इंच, दुप्पट 42. ज्यांनी आपल्या छातीला टेप लावून 42 बघितली आणि एल मागवला, त्यांना तो अंगाला घट्ट झाला. आमच्यातला सगळ्यात उंच गडी नवा टी-शर्ट घालून खूश होता. सव्वा इंच लांबी गेल्यावर कातळाला हात वर करून धरलं की त्याचं पोट उघडं पडतं. आणि एकेक नग छापून मिळत असल्याने माप चुकलं म्हणून बदलून मिळत नाही, फक्त छपाई किंवा शिलाई सदोष असेल तरच मिळतो.

गेल्या महिन्यात त्याच विक्रेत्याकडे सहा टी-शर्टची दुसरी ऑर्डर दिली. या वेळी फिका राखाडी रंग निवडला आणि डीटीजीच हवं असं आधी लिहून घेतलं. डिझाइनमध्ये अनुस्वार चार मिलिमीटरचा केला, शिरोरेषा जाड केली. लांबीत सव्वा इंच आटणार असं धरून उंच गड्यासाठी एक्सएल घेतला. पार्सल आल्याआल्या सहाही टी-शर्टवर ओला रुमाल घासला, रुमाल पांढराच राहिला. आज चौथं धुणं दोरीवर वाळत आहे, उलटं करून, सावलीत.