फ्रॅक्चर फॉलोअपचा नऊ महिन्यांचा अनुभव: सगळं एका प्रश्नावर ठरतं

गेल्या श्रावणात सासूबाई नाशिकच्या पंचवटीतल्या घरी मोरीत पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. वय 68. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

प्लास्टर रूमच्या रजिस्टरमधून पन्नाशीपुढचे पेशंट शोधणं, हेच तिथल्या एका सिस्टरांचं काम. नुसतं उभ्या जागी पडून हाड मोडलं असेल तर त्या पेशंटला गाठतातच. 1999मध्ये ग्लासगोत ही पद्धत सुरू झाली, तेव्हाही मदार नर्सवरच होती. आम्हाला मात्र पहिल्या दिवशी वाटलं, की टेस्ट गळ्यात मारायला आल्यात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचे 2800 रुपये भरताना माझा चेहरा नक्कीच पडला असणार.

रिपोर्ट आला. खुब्याचा टी-स्कोअर उणे 2.1, शेरा ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे हाडं थोडी विरळ. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, उणे 2.5पासून धरतात एवढं मला माहीत होतं, म्हणून औषध कशाला, यावर मी वाद घातला. सिस्टरांनी डॉक्टरांना सांगून पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. त्यात एक मणका पुढच्या बाजूने दबलेला निघाला. दोन वर्षांपूर्वी हंडा उचलताना पाठ धरली होती आणि आम्ही महिनाभर बाम चोळत बसलो होतो, ते हेच असावं. मणका असा आपोआप दबलेला असेल तर आकडा उणे 2.5च्या अलीकडे असला तरी औषध लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मनगट ही पहिली मोड नव्हतीच. तिथे माझा वाद संपला आणि 2800 रुपयेही सार्थकी लागले.

ड जीवनसत्त्व 11, म्हणजे फारच कमी निघालं, म्हणून आधी आठ आठवडे 60,000 युनिटची साशे दिली. मग हाडांची झीज रोखणारी 70 मिलिग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, आठवड्यातून एकदा, दर रविवारी.

आता मुद्द्याचं. मनगट मोडल्यावर चार महिन्यांनी सिस्टरांचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. मी अंबडला कामावर होते. “गोळी चालू आहे ना?” “हो, एकही रविवार चुकलेला नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “काकूंशीच बोलायचंय, घरचा नंबर द्या.” मला रागच आला. मी खोटं सांगतेय का?

त्यांनी सासूबाईंना विचारलं, “काकू, रविवारी उठल्यापासून काय काय करता, क्रमाने सांगा.” सासूबाईंनी सांगितलं: तोंड धुते, चहा ठेवते, चहासोबत ती मोठी गोळी आणि कॅल्शियमची गोळी घेते, मग जरा आडवी होते.

अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी नीट घेतली तरी शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं आणि चहातल्या दुधातही कॅल्शियमच. म्हणजे तोवरचे सगळे रविवार जवळजवळ वाया. शिवाय आडवं झालं की गोळी अन्ननलिकेला जाळू शकते. सासूबाईंना छातीत जळजळायचं, आम्ही ते पित्त समजून अँटासिड देत होतो.

तेव्हापासून रविवारी उठल्या उठल्या उपाशीपोटी पेलाभर साधं पाणी आणि गोळी. पुढचा अर्धा तास बसायचं किंवा चालायचं, चहा त्यानंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. जळजळही थांबली. हे जमलं नाही तर वर्षातून एकदा सलाईनमधून त्याच कामाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देता येईल, त्याआधी किडनीची तपासणी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

हे इतकं आवडलं की मी ओळखीत चार जणींना सांगितलं. त्यात आता थोडी दुरुस्ती करते.

पहिलं, चार महिने फार उशीर. पहिली चार गोळ्यांची पट्टी संपायच्या आत हा फोन यायला हवा, कारण घेण्याची चुकीची सवय पहिल्याच रविवारी लागते. शिवाय एक हाड मोडल्यावर पुढची दोन वर्षंच सगळ्यात जोखमीची असतात. त्यातले चार महिने आमचे असे गेले.

दुसरं, सहाव्या महिन्यात सिस्टर रजेवर होत्या. फोन दुसऱ्याच कुणीतरी केला, माझ्याच नंबरवर. “औषध चालू आहे ना?” मी म्हटलं “हो”. फोन बंद. वीस सेकंद. त्यांच्या वहीत आम्ही ‘चालू’ म्हणून नोंदले गेलो असणार. चौथ्या महिन्यातही मी हेच सांगितलं होतं आणि तेव्हा गोळी वाया जात होती. या प्रश्नाला प्रत्येक घरातून ‘हो’च येतं. सिस्टरांचा तो प्रश्न त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. त्या रजेवर गेल्या की तोही रजेवर जातो, याचा मला खरंच संताप येतो.

गेल्या आठवड्यात ओपीडीत जाऊन दोन गोष्टी करून घेतल्या. रजिस्टरमध्ये माझा नंबर खोडून सासूबाईंचा लिहिला. आणि ‘रविवारी उठल्यापासून क्रमाने सांगा’ हे वाक्य तिथे फोन करणाऱ्या नव्या मुलीकडून फोनच्या फॉर्मवर पेनाने लिहून घेतलं. बाराव्या महिन्याचा फोन श्रावणात येईल.