गच्चीसाठी थर्माकोल की एक्सपीएस: गाडी उतरवताना काय तपासता येतं?

गच्चीच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर टाकायचा ठरला की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे ईपीएस, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो, आणि दुसरा त्याहून महाग पण टणक एक्सपीएस. कागदावरची तुलना सगळे करतात. मी आधी हे बघतो की माल दारात आल्यावर तो खरा आहे का, हे मला स्वतःला किती ओळखता येईल. या बाबतीत दोघांत बराच फरक आहे.

थर्माकोलमध्ये फसवणूक जास्त होते, पण ती पकडणंही सोपं असतं. आयएस 4671 या भारतीय मानकात 15, 20, 25 अशा डेन्सिटीच्या श्रेणी आहेत, म्हणजे एका घनमीटरचं वजन किती किलो. पांढऱ्या शीटकडे नुसतं बघून 15 आणि 20 मधला फरक कळत नाही, काट्यावर कळतो.

मागे एका 120 चौरस मीटरच्या गच्चीसाठी आम्ही 20 डेन्सिटीच्या 50 मिलीमीटर जाडीच्या 240 शीट मागवल्या होत्या. शीट 1 मीटर बाय अर्धा मीटर, एका बंडलात 12. हिशेबाने बंडलाची उंची 600 मिलीमीटर आणि वजन 6 किलो हवं. टेप लावली तर उंची 564 भरली, म्हणजे शीट 47 मिलीमीटरची. वजन भरलं 4.4 किलो. खऱ्या मापाने घनफळ 0.282 घनमीटर येतं, त्यामुळे डेन्सिटी साधारण 15.6. पैसे 120 किलो मालाचे आणि गाडीत 88 किलो. लेबलवर मात्र 20 छापलेलं. चलनावर सही न करता ती गाडी आम्ही परत पाठवली.

इथे दोन चुका हमखास होतात. एकच शीट साध्या काट्यावर ठेवली तर वीस-पंचवीस ग्रॅमची चूकही मोठी ठरते, म्हणून पूर्ण बंडल तोला, आणि तेही वेगवेगळ्या थप्प्यांतली तीन-चार. दुसरं म्हणजे भागाकार छापील जाडीने करू नका, मोजलेल्या मापाने करा. नाहीतर जाडीतली तूट आणि डेन्सिटीतली तूट एकमेकांत मिसळते. पावसात भिजलेला माल वजनाला जास्त भरतो, तो सुकल्याशिवाय तोलू नये.

डेन्सिटी कमी निघाल्याने उष्णता फारशी वाढत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खरा तोटा ताकदीचा होतो. हलकी शीट कोब्याखाली दबते, कोबा तडकतो आणि पाण्याला वाट मिळते. वजन बरोबर असूनही दाणे नीट चिकटलेले नसतील तर तेच होतं. त्यासाठी कोपरा मोडून बघा: चांगल्या शीटमध्ये बरेच दाणे मधोमध फुटतात, कच्च्या शीटमध्ये ते सुटे होऊन गळतात.

एक्सपीएसचं उलट आहे. मोडल्यावर दाणे दिसतच नाहीत, सलग बारीक छिद्रांचा फेस दिसतो. दाणे दिसले तर ते रंगवलेलं थर्माकोल आहे, रंग कुठलाही असो. जाडी आणि वजन इथेही घ्या: 1250 बाय 600 बाय 50 ची 32 डेन्सिटीची शीट 1.2 किलोच्या आसपास भरते. पण एक्सपीएसचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते दाब सहन करण्याच्या ताकदीसाठी आणि पाणी न पिण्यासाठी. ताकद काट्यावर दिसत नाही. तिथे प्रयोगशाळेच्या अहवालावरच विसंबावं लागतं.

म्हणून अहवाल वाचायचा कसा, हे एक्सपीएस घेणाऱ्याला जास्त माहीत हवं. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेच्या मान्यतेच्या अहवालावर यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक, असतो. त्या प्रयोगशाळेला ही विशिष्ट चाचणी करायची मान्यता आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येतं. अहवालातली जाडी, डेन्सिटी आणि बॅच क्रमांक दारातल्या लेबलशी जुळायला हवेत. ‘नमुना ग्राहकाने आणून दिला’ असं लिहिलं असेल तर तो अहवाल फक्त त्या तुकड्याबद्दल बोलतो, तुमच्या गाडीबद्दल नाही. उष्णतावहनाचा आकडा जितका कमी तितका चांगला, पण तो कोणत्या सरासरी तापमानाला मोजला तेही बघा. 10 अंशांवरचा आकडा नेहमी बरा दिसतो, आपली गच्ची मे महिन्यात त्याहून कितीतरी तापते. शिवाय एक्सपीएसमधला वायू हळूहळू निघून जातो आणि आकडा वाढत जातो, त्यामुळे नुकत्याच बनवलेल्या शीटची चाचणी जरा जास्तच चांगली दिसते.

माझं मत असं: गच्चीवर चालणं-फिरणं, टाक्या, कुंड्या असतील आणि एक नमुना आपणच गाडीतून उचलून, त्यावर सही करून प्रयोगशाळेत पाठवायची तयारी असेल, तर एक्सपीएस घ्या. चाचणीला वेळ किंवा पैसे नसतील आणि गच्चीवर फारसा भार येणार नसेल, तर 25 डेन्सिटीचं थर्माकोल घ्या, कारण ते तुम्ही टेप आणि काट्याने स्वतः तपासू शकता. तपासणी न करता महागडं एक्सपीएस घेण्यापेक्षा तोलून घेतलेलं थर्माकोल मला जास्त भरवशाचं वाटतं. दोन्हींत ऑर्डरवर एक ओळ आधीच लिहून घ्या: मोजलेली जाडी किंवा डेन्सिटी कमी निघाली तर माल परत, भाडं पुरवठादाराचं.