आठ महिन्यांनंतर: फोनो लीडचे सोनेरी प्लग झकास, पण ती बारीक वायर!

आधीच सांगते, टर्नटेबलपासून अँपपर्यंत जाणारी ही लीड मी हौसेने घेतली नव्हती. माझ्या टर्नटेबलला मागे दोन आरसीए सॉकेट आणि शेजारी ग्राउंडचा एक छोटा स्क्रू आहे. जुनी लीड तुटली तेव्हा घरातली एक साधी स्टिरिओ लीड काढून लावली. लाल लालमध्ये, पांढरा पांढऱ्यामध्ये. त्या स्क्रूला लावायला काही नव्हतं, म्हणून तो तसाच सोडला. आवाज आला, दोन्ही बाजूंनी आला, वर चांगला आला. फक्त गाण्याखाली सतत एक "घूंऽऽ" चालू. रेकॉर्ड संपली, सुई उचलली, तरी तो आपला चालूच.

महिनाभर ते सहन केलं. आवाज वाढवला की हा घूं, म्हणजे हम, वाढायचा, टीव्हीच्या इनपुटवर अँप फिरवला की गायब. मग नाइलाजाने ही 'खास फोनो' म्हणून विकली जाणारी लीड घेतली. कापडी वेणीचं जाड आवरण, सोनेरी मुलाम्याचे वजनदार प्लग, आणि दोन्ही केबलच्या कडेने जाणारी, दोन्ही टोकांना चिमट्यासारखा यू-आकाराचा लग असलेली एक बारीक वायर. पहिलं मत अर्थातच वाईट झालं. सगळा पैसा प्लगवर खर्च केला आणि ग्राउंडला ही शिलाईच्या दोऱ्याएवढी वायर? लावली मात्र, आणि हम जवळजवळ संपला. कान स्पीकरला लावला तर किंचित सरसर ऐकू यायची, तेवढीच.

सहा महिने छान गेले. मग एका संध्याकाळी शेल्फ पुसून झाल्यावर रेकॉर्ड लावली आणि "घूंऽऽ" परत हजर. टर्नटेबल थोडं पुढे ओढलं की थांबायचा, मागे ढकललं की सुरू. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "सुईची कार्ट्रिज खराब झाली असेल, बदलून बघा." मी लिहिलं की कार्ट्रिज टर्नटेबल सरकवल्याने बरी होत नाही. त्यावर "आमच्या लीड तपासूनच पाठवल्या जातात." चार निरोपांनंतर मी नाद सोडला आणि स्वतः बघायला बसले. म्हणून हा रिव्ह्यू एवढा लांबलाय.

तर ही वायर नक्की करते काय? कार्ट्रिजमधून चार बारीक तारा टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, नळीतून मागे जातात. पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलच्या, लाल आणि हिरवी उजव्या चॅनेलच्या. या चार तारांना स्वतःचं कसलंही जाळीचं आवरण नसतं. त्यांचं आवरण म्हणजे ती धातूची नळीच. पण नळी आवरणाचं काम तेव्हाच करते, जेव्हा ती कुठेतरी पक्की बांधलेली असते. लोंबकळत ठेवली तर मोटर, ट्रान्सफॉर्मर, भिंतीतली वायरिंग यांच्या विद्युत क्षेत्रामुळे तिच्यावर मेन्सच्या तालावर हलणारा थोडा व्होल्टेज बसतो, आणि आतल्या तारांना ती तोच चिकटवत राहते. म्हणजे संरक्षण करायचं सोडून नळीच हम आत पोचवते. बारीक वायर नळीला आणि टर्नटेबलच्या इतर धातूच्या भागांना सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपच्या ग्राउंडशी जोडते. सगळा मामला एवढाच.

मग ही भानगड टीव्हीच्या किंवा सीडी प्लेअरच्या लीडला का नाही? कारण फोनोचा सिग्नल अगदी क्षीण असतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ठरावीक पातळीला सुमारे ५ मिलिव्होल्ट देते. फोनो प्रीअँप त्याला साधारण १०० पट करतो, पण ही १०० पट १ किलोहर्ट्झला. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, म्हणून वाजवताना ते परत उचलावे लागतात. ५० हर्ट्झला ही उचल आणखी जवळपास सात पट असते. म्हणजे मेन्सचा हम बरोबर जिथे बसतो, तिथे प्रीअँप ७०० पट वाढवून देतो. समजा फक्त ०.०१ मिलिव्होल्ट हम आत शिरला. बाहेर येताना तो ७ मिलिव्होल्ट झालेला असतो, आणि संगीत ५०० मिलिव्होल्ट. गाणं जोरात चालू असताना कदाचित लक्षात येणार नाही, दोन गाण्यांमधल्या शांततेत मात्र तोच ऐकू येतो. तोच ०.०१ मिलिव्होल्ट सीडी प्लेअरच्या २ व्होल्टमध्ये पडला तर कुणाला पत्ता लागणार नाही.

इथे माझं पहिलं मत मला मागे घ्यावं लागलं. बारीक वायर म्हणजे कंजूषपणा नाही. तिच्यातून वीज अशी वाहायचीच नसते, जेमतेम नगण्य प्रवाह जातो. जाड केबल घातली तरी हम आणखी कमी होणार नाही. दुसरा प्रश्न मला पडला होता तो असा की वेगळी वायर हवीच कशाला, आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आतूनच का नाही जोडून टाकत? तर ते कडं म्हणजे निळ्या किंवा हिरव्या तारेचं टोक, म्हणजे सिग्नलचीच परतीची वाट. मोटरच्या आणि चासीच्या धातूवरचा कचरा त्या वाटेने पाठवला तर तो सिग्नलमध्ये मिसळू शकतो. वेगळ्या वायरने तो बाजूने थेट प्रीअँपला जातो. काही टर्नटेबलमध्ये तरीही आतून जोडलेलं असतं, तिथे वेगळी वायर देत नाहीत.

आता तपास. पहिली परीक्षा फुकटची आहे. आवाज बेताचा ठेवा, सुई वर, आणि टोनआर्मच्या धातूला बोट लावा. हम बदलला तर नळी लोंबकळतेय. माझ्याकडे बोट लावल्यावर तो वाढला, कुणाकडे कमीही होतो. मुद्दा बदल होण्याचा. काहीच फरक पडला नाही आणि आर्म रेकॉर्डच्या मध्याकडे नेताना हम कमीजास्त झाला, तर कार्ट्रिज शेजारच्या अँपच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतेय. त्यावर ही वायर काहीही करू शकत नाही, टर्नटेबल लांब सरकवावं लागतं.

दुसरी परीक्षा म्हणून एक सुटी वायर घेतली, टोकं सोलली, एक टर्नटेबलच्या स्क्रूखाली आणि दुसरं प्रीअँपच्या 'GND' स्क्रूखाली दाबलं. अर्थात अँप बंद करून. चालू अँपवर फोनोची जोडाजोड केली की स्पीकरला दणका बसतो. परत चालू केलं तर हम गायब. म्हणजे टर्नटेबल निर्दोष, कार्ट्रिज निर्दोष, प्रीअँप निर्दोष. राहिली लीड.

लीड पूर्ण काढून मल्टिमीटर 'बीप'वर लावला, दोन लगांना दोन टोकं. सरळ धरली, बीप. टर्नटेबलकडचा लग जरा वाकवला, गप्प. बाहेरून वायर अखंड दिसत होती, म्हणून विक्रेत्याला फोटो पाठवला असता तरी त्यात काहीच दिसलं नसतं. लग काढून बघितला तर आतले तांब्याचे धागे लगच्या कडेलाच तुटलेले, नुसतं प्लास्टिक धरून होतं. लगची क्रिंप, म्हणजे वायरवर दाबून बसवलेला भाग, बरीचशी प्लास्टिकवर दाबलेली, तांब्यावर अगदी थोडी, आणि मागे ताण झेलायला काहीच नाही. आधी मी बारीकपणाला शिव्या देत होते. खरी चूक ही. विजेसाठी बारीक वायर चालते, ओढाताणीसाठी नाही. शेल्फ पुसताना दर वेळी ती त्या एकाच जागी वाकत होती, आणि कापडी वेणीचं सगळं संरक्षण सिग्नलच्या केबलला.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची. तुटलेलं टोक कापलं, साधारण ८ मिलिमीटर सोललं, नवा लग तांब्यावर दाबून क्रिंप केला, एक थेंब सोल्डर दिलं, वरून श्रिंक ट्यूब अशी चढवली की ती थोडी लगवर आणि थोडी प्लास्टिकवर यावी. आणि मुख्य म्हणजे वायरला ढिलाई ठेवली. आधी ती केबलएवढीच ताणलेली होती, आता हातभर सैल लोंबते. दिसायला बावळट दिसते, दिसू दे.

दोन महिने झाले, हम नाही. मधे एका मैत्रिणीने हीच लीड घेतली आणि म्हणाली, "माझ्या टर्नटेबलला ग्राउंडचा स्क्रूच नाही, ही वायर कुठे लावू?" तिच्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच आहे, बाहेर लाइन लेव्हल, म्हणजे आधीच वाढवलेला सिग्नल येतो. ती वायर तिने गुंडाळून ठेवावी. तिला कुणीतरी प्लगच्या अर्थिंगला जोडायला सांगितलं होतं. ते करू नये, वायरचं काम टर्नटेबल आणि प्रीअँप एका पातळीवर आणायचं आहे. भिंतीतून आणखी एक वाट जोडली की उलट लूप होऊन हम वाढू शकतो. आणि हम घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नये. ती पिन जिवासाठी असते.

प्लगबद्दल दोन शब्द, नाहीतर म्हणाल चांगलं काही लिहिलंच नाही. पकड घट्ट आहे, आठ महिन्यांत एकदाही चॅनेल गेला नाही, आणि सोनेरी मुलामा अजून तसाच आहे. सोन्यामुळे आवाज सुधारला असं मला तरी ऐकू आलं नाही.

पाचपैकी तीन. त्या साध्या स्टिरिओ लीडला वेगळी सुटी वायर जोडली असती तरी माझ्या कानाला हाच आवाज मिळाला असता, हे त्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशीच कळलं, आणि तेव्हापासून पैशांची आठवण आली की जीव जळतो. प्रीअँपकडचा लग अजून कंपनीचाच आहे. तो वाकवून बघायची हिंमत केलेली नाही, पण लगांचं पाकीट ड्रॉवरमध्ये आणून ठेवलंय.