परिपथाचा फोटो: थेट सोडवायचा की बिंदूंना नावे देऊन?

फोटोत तीन 6 Ω रोध एका ओळीत आहेत, बॅटरी 12 V. पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंत एक वळसा घालणारी तार, दुसऱ्याच्या सुरुवातीपासून तिसऱ्याच्या शेवटापर्यंत दुसरी.

थेट फोटोवरून सोडवणारा ओळ बघून एकसर जोडणी धरतो: 18 Ω, धारा 0.67 A. उत्तर चुकते, कारण तारांकडे लक्षच जात नाही.

दुसऱ्या रीतीत ओळीतील बिंदूंना क्रमाने P, Q, R, S म्हणायचे. तारेने जोडलेले बिंदू विद्युतदृष्ट्या एकच, म्हणून R लाही P लिहायचे आणि S ला Q. आता प्रत्येक रोध P आणि Q यांच्यामध्येच दिसतो, म्हणजे तिन्ही समांतर आहेत. परिणामी रोध 2 Ω, धारा 6 A. पडताळाही सोपा: प्रत्येकातून 12/6 = 2 A, बेरीज 6 A.

एकाच वाटेचा परिपथ असेल तर थेट रीत पुरते, वेळही वाचतो. पण तार कुठेही वळसा घालत असेल किंवा रोध तिरपे काढलेले असतील, तर मी नेहमी नावेच देईन. असंतुलित व्हीटस्टन सेतू मात्र एकसर-समांतर नियमांनी सुटत नाही. तिथे किरचॉफचे नियम लागतात.