समास कापले, बिल मात्र पूर्ण

पोथ्यांच्या पानांची छायाचित्रं काढून घेण्यात एकूण ३८,३२६ रुपये ४० पैसे गेले. पैसे मुद्दाम लिहिलेत, कारण बिलावर ते तसेच आहेत आणि मी ते तसेच भरले. २,३२० बाजू, दर १४ रुपये, म्हणजे ३२,४८० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,८४६.४०. निम्मे आगाऊ, निम्मे काम हातात आल्यावर. बदल्यात मला कडा छाटलेली, जागोजागी धूसर आणि माझ्या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी चित्रं मिळाली.

माझा विषय हस्तलिखित पोथ्यांमधल्या लेखनिकांच्या दुरुस्त्या. नक्कल करताना एखादा शब्द गळला की लेखनिक ओळीत काकपदाची खूण करतो आणि गळलेला मजकूर समासात लिहितो. तो कितव्या ओळीत घालायचा त्याचा आकडाही शेजारीच असतो. म्हणजे माझं सगळं संशोधन समासात आहे. आणि चित्रं काढणाऱ्या माणसाने नेमका समास कापला! हसू नका, मी अजून हसू शकत नाही.

एका गावातल्या घराने ११ पोथ्या चार दिवसांसाठी उघडून दिल्या होत्या. पोथ्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, ही त्यांची अट. म्हणून कॅमेरा आणि स्टँड घेऊन घरी येणारा माणूस शोधला. कामापूर्वी त्याने २० बाजूंचा नमुना पाठवला होता. तो सुंदर होता. खाली काळं कापड, कडेला मोजपट्टी, पानाच्या चारही कडा दिसतायत, पानाची रुंदी ४,८०० पिक्सेल. पान १२ इंची, म्हणजे इंचाला बरोबर ४०० पिक्सेल, ४०० डीपीआय. कोणीही भुललं असतं. नमुना तो स्वतः काढतो आणि कामाला दोन पोरं पाठवतो, हे मला कुठून कळणार? पहिला दिवस मी तिथे बसले होते. उरलेले तीन दिवस परीक्षेचं पर्यवेक्षण होतं, रजा मिळाली नाही. (तुम्ही मात्र बसा. रजा बुडाली तरी बसा.)

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. २९ मार्चला त्याने माझ्या हातावर पेनड्राइव्ह ठेवला. १६ जीबीचा. माझ्याकडे त्याच्या नमुन्याची फाइल होती, एका बाजूला जवळपास २८ एमबी. २,३२० बाजूंना ६५ जीबी लागायला हवेत. हा हिशोब पाचवीतलं पोर करेल. आकुंचित करून दिल्या असतील म्हणावं, तरी इतक्या कशा मावतील? मी पेनड्राइव्ह उलटा करून त्यावरचा १६ हा आकडा वाचला, आणि ‘थँक्यू’ म्हणाले.

कारण ३१ मार्च. अनुदान त्या तारखेला परत जातं, हे विद्यापीठात काम केलेल्यांना सांगायला नको. लेखाविभागाला बिलावर ‘काम समाधानकारक’ अशी सही हवी होती. मी पहिल्या दहा फाइल उघडल्या आणि सही ठोकली. त्या दहा अर्थातच नमुन्यातल्या होत्या.

अकराव्या फाइलपासून खरा प्रकार सुरू होतो. टिफच्या गुणधर्मांत ४०० डीपीआय लिहिलेलं आहे, पण तो आकडा म्हणजे बरणीवरचं लेबल, आत काहीही भरता येतं. ह्या पोथ्यांत मजकुराच्या दोन्ही बाजूंना तांबड्या रेघा आहेत. त्यांतलं अंतर मी पूर्वी पट्टीने मोजलं होतं, साडेनऊ इंच. चित्रात ते १,५२० पिक्सेल भरतं. भागून बघा, १६० डीपीआय. फाइल घेताना एवढं तरी चालवा:

```
exiftool -ImageWidth -ImageHeight -XResolution *.tif
```

चित्राच्या रुंदीचे पिक्सेल भागिले चित्रात आलेल्या भागाची इंचातली रुंदी. डीपीआयच्या रकान्याकडे बघूच नका.

कडा का गेल्या ह्याचा माझा अंदाज असा. पोरांनी काळं कापड घातलंच नाही, पानं तपकिरी लाकडी पाटावर ठेवली. जुना कागदही तपकिरी. आपोआप कापणाऱ्या सॉफ्टवेअरला कागदाची कड सापडली नाही, तांबडी रेघ सापडली, आणि त्याने तिथेच कापलं. १,९०७ बाजू अशा गेल्या. ४१२ धूसर आहेत, आणि त्यांतही दोन तऱ्हा. अक्षराला जोडीने सावली दिसते तिथे कॅमेरा हललाय. डावीकडे स्वच्छ आणि उजवा तिसरा हिस्सा विरघळलेला, तिथे पान वर उचललं गेलंय. वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली पानं वळलेली असतात, ती काचेखाली धरावी लागतात. काच गाडीतच राहिली होती म्हणे.

त्याला स्पीड पोस्टाने पत्र लिहिलं, फाइलींच्या नावांची यादी जोडून. त्यातला एक भाग इथे देते:

‘फाइल ०४७ब पाहावी. सहाव्या ओळीत काकपदाची खूण आहे. तिचा मजकूर उजव्या समासात होता, मी तो पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिला आहे. आपल्या चित्रात त्या जागी एका काना-मात्रेचं टोक आणि अर्धा ६ एवढंच उरलं आहे. पत्रांकही समासातच असल्यामुळे कोणतं पान सुटलं, कोणतं दोनदा आलं हे तपासण्याचा मार्ग आपण बंद केला आहे. न कापलेल्या मूळ फाइली आठ दिवसांत द्याव्यात, अथवा काम पुन्हा करावं, अथवा रक्कम परत करावी.’

उत्तर फोनवर आलं. “मॅडम, अक्षर तर सगळं दिसतंय ना? कडेला कोराच कागद असतो.” आणि मूळ फाइली? “हार्डडिस्क भरली, उडवल्या.” म्हणून सांगते, न कापलेल्या मूळ फाइली आधी ताब्यात घ्या, मग दुसरा हप्ता द्या. बोली लेखी करा, आणि त्यात ‘चारही कडा दिसल्या पाहिजेत’ हे चार शब्द घाला. माझ्या बोलीत ‘उत्तम दर्जा’ होतं. त्याची किंमत शून्य.

मग वाऱ्या. चौकीत हवालदारसाहेबांनी पेनड्राइव्ह हातात घेऊन विचारलं, “माल मिळाला ना? मग हे दिवाणी.” १९३० वर फोन केला तर ते ऑनलाइन पैसे गेल्याचं बघतात, हे छाटलेल्या समासांचं कोण बघणार? लेखाविभागाने माझीच सही मला दाखवली, तीही बोट ठेवून. वर एक जण म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर पीएचडी.” ह्यावर काय बोलायचं? बिल विद्यापीठाच्या नावावर, त्यामुळे ग्राहक आयोगात तक्रार मी करायची की कुलसचिवांनी, ह्यावर फाइल दोन टेबलांमध्ये सात आठवडे फिरली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे मला कुठल्याही टेबलाने सांगितलं नाही, मीच कायदा काढून वाचला. पण पत्रावर सही कोणाची, हे अजून ठरलेलं नाही. माझी सही त्यांना बिलावर चालली, तक्रारीवर चालत नाही.

गेल्या रविवारी त्या घरी पुन्हा गेले, स्वतःचा फोन, पट्टी आणि काळी ओढणी घेऊन. आजोबांनी दोन तास दिले, वर ऐकवलंही. पोरांनी पानं भराभर गोळा करून जशी हाताला लागली तशी बांधली होती. दोन तास पानं लावण्यातच गेले. ४७ वं पान निघायच्या वेळी, चौथ्या पोथीच्या रुमालात, उलटं सापडलं. फोनची बॅटरी तेव्हा तीन टक्के होती. दोन्ही बाजू घेतल्या, चारही कडांसकट.