तळपायातून काढलेली २३ ‘मुळं’

गेल्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मागच्या गादीवर, तीन टणक गाठी आल्या होत्या. शाळेत दिवसाचे पाच-सहा तास उभं राहावं लागतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चपलेत खडा रुतल्यासारखं दुखायचं. घरात सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘कुरूप झालंय.’ मीही तेच धरून चालले. आठवडी बाजाराच्या तोंडाशी एकजण छत्री लावून बसायचा. पुढे पाटीवर ‘कुरूप, भोवरी, चामखीळ मुळासकट’ असं लिहिलेलं. मी त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

त्याने सांगितलेला भाव ऐकून मला स्वस्त वाटलं. ‘ताई, एका मुळाचे दीडशे. मूळ निघालं नाही तर पैसे नाहीत.’ एकूण किती मुळं असतील हे मी विचारलं नाही, आणि खरी फसवणूक तिथेच होती. त्याने गाठींवर कसलंसं पाणी चोळलं, ब्लेडने वरची कातडी तासली, मग तांब्याची एक बारीक नळी टेकवून तोंडाने ओढ घेतली. दर ओढीनंतर तो ओल्या कापसावर पांढरट, दोऱ्यासारखं काहीतरी थुंकायचा आणि मोजायचा. दहाच्या पुढे गेल्यावर मी थांबवायला सांगितलं, तर म्हणाला, ‘अर्धवट सोडलं तर पायात पसरेल, ताई.’ त्या भीतीने मी बसून राहिले. २३ मुळं, ३,४५० रुपये. ते धागे त्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिले आणि पुन्हा येणार नाही याची हमीही दिली.

चौथ्या दिवशी पाय सुजला. प्रतिजैविकं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. जखम भरली, पण महिना-दीड महिन्याने जुन्या तीन गाठी होत्या तिथेच होत्या आणि त्यांच्या कडेने आठ नव्या उगवल्या होत्या. तेव्हा कुठे मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टर मॅडमनी आधी गाठीवर वरून दाब दिला, मग दोन बोटांच्या चिमटीत आडवी दाबली. चिमटीत जास्त दुखलं. म्हणाल्या, कुरूप बहुधा वरून दाबल्यावर दुखतं, चामखीळ चिमटीत. मग पाय उजेडाकडे वळवून त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून त्या तशाच पुढे जातात. माझ्या गाठीपाशी त्या तुटत होत्या आणि वळसा घालून जात होत्या. वरचा थर थोडा खरवडल्यावर आत मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसले. या काळ्या ठिपक्यांनाच लोक मूळ समजतात. प्रत्यक्षात त्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्यात रक्त गोठलेलं असतं.

चामखिळीला मूळ नसतंच. एचपीव्ही नावाचा विषाणू कातडीच्या फक्त वरच्या थरात राहतो आणि तो थर जाड करतो. तळव्यावर अंगाचा भार पडतो म्हणून ती आत दाबली जाते आणि खोल गेल्यासारखी वाटते, एवढंच. मी जपून ठेवलेली पिशवी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एक ‘मूळ’ चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं. पिळलेल्या कापसाचा धागा होता, काहीतरी चिकट लावून वाळवलेला. तो आधीपासूनच त्याच्या तोंडात असणार. तेच ब्लेड माझ्याआधी किती पायांवर फिरलं होतं, या विचाराने मला घाम फुटला. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही अशा रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या तपासण्या करून घेतल्या, काही महिन्यांनी परत केल्या. सुदैवाने काही निघालं नाही. आठ नव्या चामखिळी मात्र त्या तासण्यातूनच आल्या असाव्यात, कारण कापलेल्या कातडीत हा विषाणू सहज रुजतो.

उपचार म्हणून मॅडमनी सॅलिसिलिक आणि लॅक्टिक अॅसिडचं लावायचं औषध दिलं. एवढंच का, असं मला वाटलं, पण ते लावण्याची रीत नीट पाळली तरच गुण येतो. रोज रात्री पाच-दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवायचा. मऊ झालेली पांढरी कातडी नखं घासायच्या कागदी पट्टीने हलक्या हाताने घासायची, रक्त येईपर्यंत नाही. ती पट्टी दुसरीकडे कुठेही वापरायची नाही आणि थोड्या दिवसांनी फेकून द्यायची. पाय कोरडा करून गाठीभोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, मग औषधाचा थेंब फक्त गाठीवर, आणि वाळल्यावर वरून चिकटपट्टी. फार झोंबलं किंवा लाल झालं तर दोन-तीन दिवस थांबायचं. हे बारा आठवडे करायचं. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, मीही सोडणार होते.

द्रव नायट्रोजनने गोठवून लगेच काढा, असं मी म्हटलं होतं. मॅडम म्हणाल्या, तेही करता येतं, दर दोन-तीन आठवड्यांनी यावं लागेल, फोड येईल, आणि हमी तिथेही नाही. २०११ साली ब्रिटनमध्ये २४० जणांच्या तळपायांवर ५० टक्के सॅलिसिलिक अॅसिड आणि गोठवणं यांची तुलना झाली होती. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले साधारण १४ टक्केच होते. म्हणून जो माणूस एका बैठकीत हमी देतो त्याच्यासमोर बसू नका. माझ्या अकरापैकी आठ चामखिळी चौथ्या महिन्यापर्यंत गेल्या, उरलेल्या तीन मॅडमनी दोनदा गोठवल्या. बरी झाल्याची खूण म्हणजे तळव्याच्या रेषा पुन्हा सलग दिसू लागणं.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटावरही दोन होत्या. त्याला नखं कुरतडायची सवय आहे, त्यातून त्या नखांच्या कडेने पसरतात. मॅडमनी त्याला औषधच दिलं नाही. मुलांच्या पुष्कळशा चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, दुखत नसतील तर थांबायला हरकत नाही, असं म्हणाल्या. सासूबाई बिब्बा लावू म्हणत होत्या. बिब्ब्याने कातडी भाजते, चुना आणि सोड्याच्या लेपानेही तेच होतं, आणि लहान बोटावर कायमचा व्रण राहू शकतो. त्याच्या चामखिळी सात महिन्यांनी आपोआप गेल्या.

आमच्या शेजारच्या मावशींनी मला त्या बाजारातल्या माणसाचा पत्ता विचारला होता. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि टाचेला गाठ आहे. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर दुकानातलं अॅसिडचं औषधसुद्धा स्वतःहून लावायचं नाही, कारण जखम झालेली कळत नाही आणि लवकर भरत नाही. गाठ काळी पडत असेल, आपोआप रक्त येत असेल, झपाट्याने वाढत असेल, चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर असेल, तर घरी काही न लावता थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. तळव्यावरचा काळा डाग क्वचित कर्करोगही निघतो. मी मावशींना पत्ता दिला नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्यांना मॅडमकडे घेऊन गेले. त्यांचं साधं कुरूप निघालं. मॅडमनी निर्जंतुक पात्याने पाच मिनिटांत वरचा जाड थर तासला, टाचेखाली मऊ गादी असलेली चप्पल घ्यायला सांगितली आणि फक्त तपासणीचे पैसे घेतले.